ऑफ तासाचा कागद: वाक्य न् वाक्य लिहून द्यावं की नुसते मुद्दे?

गणित_परभणी:
आमच्या विज्ञानाच्या मॅडम आठ दिवस रजेवर आहेत. दहावीच्या 'प्रकाशाचे अपवर्तन' धड्याच्या 14 स्लाइड पेनड्राइव्हवर ठेवून गेल्यात. परवाचा तास मराठीच्या सरांकडे आलाय. मुख्याध्यापक म्हणतात, स्लाइडवरून सरांना थेट वर्गात नेता येईल असा कागद करून द्या. मी गणित शिकवतो, भौतिकशास्त्र बारावीपर्यंतचं. सगळं वाक्यानिशी लिहू की मुद्दे पुरेत? तास 35 मिनिटांचा.

अंबाजोगाई_विज्ञान:
वाक्यानिशी लिहा, पण 14 स्लाइडचं नको. आधी वर्गातल्या रोज येणाऱ्या एखाद्या मुलीची वही मागवा आणि शेवटच्या तारखेचं पान बघा. मॅडमनी कुठपर्यंत शिकवलंय हे स्लाइडवर लिहिलेलं नसतं, वहीत असतं. मग शेवटची स्लाइड उघडा. तिथे बहुतेक स्वाध्याय किंवा आकृती असेल. तास संपताना पोरांना त्यातलं काय जमलं पाहिजे ते एका ओळीत लिहा. माझ्या मते ती ओळ अशी: 'काचेच्या चिपेतून जाणाऱ्या किरणाची आकृती काढून i आणि r दाखवता येतात.' या ओळीला ज्या स्लाइड लागतात तेवढ्याच ठेवा, पाच-सहा निघतील. प्रकाशाच्या वेगाचा तक्ता आणि तारे लुकलुकण्याची स्लाइड मॅडमसाठी राहू द्या.

दुसरं, स्लाइड संगणकावर F5 दाबून बघा, नुसत्या उघडून नाही. एका स्लाइडवर तीन-तीन क्लिकनी गोष्टी येत असतात. आधी प्रश्न, मग किरण, मग उत्तर. कागदावर प्रत्येक क्लिकच्या जागी 'क्लिक' असं लिहायचं. नाहीतर सर प्रश्न विचारायच्या आत उत्तर पडद्यावर येऊन बसतं. सुरक्षित म्हणून पीडीएफ केलीत तर हे सगळे क्लिक एकाच पानावर गोळा होतात, मग प्रश्न विचारण्यात अर्थच उरत नाही.

जालना_मराठी:
वाक्यानिशी लिहायला माझा ठाम विरोध आहे. हातात चार पानं दिली की माणूस कागदात डोकं घालून वाचत सुटतो. दहावीची पोरं पाच मिनिटांत ओळखतात की सरांना हे येत नाही. पुढची तीस मिनिटं वर्ग आवरण्यातच जातात. मराठीच्या शिक्षकाला बोलता येतं, त्याला शब्द पुरवायची गरज नाही. त्याला अडतं ते 'पोरांनी असं विचारलं तर काय' इथे. म्हणून कागदावर फक्त प्रश्न, बरोबर उत्तर आणि संभाव्य चुकीचं उत्तर एवढंच असावं. एक पान, ठळक अक्षरात, टेबलावर ठेवून उभ्याने वाचता येईल असं.

किनवट_तासिका:
बदली शिक्षक म्हणजे तासिका तत्त्वावरचाच ना? मग आधी मानधनाचं बोला. आमच्याकडे स्लाइड हातात देतात, तयारीचा वेळ धरत नाहीत आणि पैसे फक्त वर्गातल्या तासाचे. कागद बनवणाऱ्याचे तास कोण मोजणार?

गणित_परभणी:
नाही सर, शाळेतलेच कायम शिक्षक आहेत. ऑफ तास वाटून दिलाय.

अंबाजोगाई_विज्ञान:
जालन्याच्या सरांचं निम्मं पटतं. बोलायचं सगळं लिहून देऊ नये. पण तीन ठिकाणी शब्द ठरवूनच द्यावे लागतात: तासाचं पहिलं वाक्य, व्याख्या आणि विचारायचे प्रश्न. अपवर्तनाची व्याख्या बोलताना 'एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात' हे शब्द गळाले की पोरं वहीत 'प्रकाश वाकतो म्हणजे अपवर्तन' एवढंच लिहितात. मग मॅडमना परत येऊन ते खोडावं लागतं.

एका स्लाइडचा मजकूर नमुन्याला देतो. समजा स्लाइडवर नुसती आकृती आणि तीन शब्द आहेत: स्तंभिका, i, r. मॅडम बाकीचं तोंडी सांगणार होत्या, म्हणून ते तिथे नाही. कागदावर ते असं यावं:

*स्लाइड 5, वेळ 7 मिनिटं. क्लिक (स्तंभिका दिसते).*
*विचारा: 'i हा कोन कोणत्या दोन रेषांमधला?'*
*बरोबर उत्तर: आपाती किरण आणि स्तंभिका.*
*हमखास येणारं चुकीचं उत्तर: आपाती किरण आणि काचेचा पृष्ठभाग.*
*असं आलं तर विचारा: 'किरण काचेवर अगदी सरळ उभा पडला तर तो वळतो का?' (नाही.) 'मग वळणं नाही तिथे कोन शून्य धरणं सोयीचं की 90?' (शून्य.) 'शून्य कोणत्या रेषेपासून मोजलं तर येतं?' (स्तंभिकेपासून.) आता क्लिक.*

यात सरांना भौतिकशास्त्र लागत नाही. प्रश्न क्रमाने विचारले की पोरंच उत्तरापर्यंत येतात.

हिंगोली_बीएस्सी:
छान. त्यात आणखी एक वाक्य घाला: काच हवेपेक्षा घन, तिची घनता जास्त, म्हणून प्रकाश तिच्यात हळू चालतो आणि वळतो. पोरांना कारण लगेच पटतं.

अंबाजोगाई_विज्ञान:
प्रकाश काचेत हळू चालतो हे बरोबर, हवेतल्यापेक्षा सुमारे दीड पटीने. पण 'घनता जास्त म्हणून' हे लिहू नका. रॉकेल पाण्यावर तरंगतं, म्हणजे त्याची घनता कमी. तरी त्याचा अपवर्तनांक पाण्यापेक्षा जास्त आहे. पुस्तकात 'घन माध्यम' म्हणतात ते प्रकाशापुरतं. विज्ञानाचा शिक्षक असं बोलून गेला तर पुढच्या तासाला सावरतो. मराठीच्या सरांना कागदावर मिळालेलं वाक्य ते खरंच मानतील, आणि तीस-चाळीस वह्यांत तेच उतरेल. कारण सांगायचंच तर एवढं लिहा: 'काचेत प्रकाशाचा वेग कमी होतो, म्हणून तिरपा किरण दिशा बदलतो.'

हिंगोली_बीएस्सी:
रॉकेलचं ध्यानात नव्हतं. पण दोन माध्यमांच्या घनतेवरून ओळखायची पोरांना सवय असते, ती एकदम काढून घेतली तर गोंधळ होईल.

लातूर_दहावी:
मला मुळात हा उद्योगच पटत नाही. दहावीचा नवा धडा विषयशिक्षकाकडूनच सुरू व्हावा. आठ दिवसांनी मॅडम येणार आहेत. तोवर मराठीच्या सरांनी मागच्या धड्याचे प्रश्न सोडवून घ्यावेत. अर्धवट कळलेलं पुसून काढायला नव्याने शिकवण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. बोर्डाच्या परीक्षेत आकृतीला गुण असतात आणि या धड्यात आकृतीच चुकते.

जालना_मराठी:
आठ दिवसांत विज्ञानाचे किती तास होतात ते मोजा, मग सांगा. दर ऑफ तासाला उजळणीच केली तर पोरं दप्तरं आवरून बसतात.

अंबाजोगाई_विज्ञान:
लातूरकरांची आकृतीची भीती खरी आहे. म्हणून आकृती सरांवर सोडू नका, फळ्यावरची मापं लिहून द्या. कोनमापकाची गरज नाही, मीटरपट्टी पुरते. काचेचा अपवर्तनांक 1.5 आणि i = 45° धरला तर sin r = 0.707 ÷ 1.5 = 0.47, म्हणजे r सुमारे 28°. हा हिशोब तुमच्यापाशी ठेवा. सरांच्या कागदावर फक्त हे लिहा:

'फळ्यावर दोन आडव्या समांतर रेषा, मध्ये 20 सेंमी. ही काचेची चीप. वरच्या रेषेवर एक बिंदू घ्या. त्यातून उभी तुटक रेषा वर आणि खाली दोन्हीकडे काढा, ही स्तंभिका. बिंदूपासून 20 सेंमी डावीकडे आणि 20 सेंमी वर जा, तिथून बिंदूपर्यंत आपाती किरण. बिंदूपासून 20 सेंमी खाली आणि 11 सेंमी उजवीकडे जा, तिथपर्यंत अपवर्तित किरण. तो खालच्या रेषेला टेकेल. तिथून पुन्हा 20 खाली, 20 उजवीकडे, हा निर्गत किरण.'

याची परीक्षा सोपी आहे. आपाती किरण तुटक रेषेने सरळ पुढे वाढवायचा. काचेतला किरण ही तुटक रेषा आणि स्तंभिका यांच्या मध्ये आला तर आकृती बरोबर. पोरांची नेहमीची चूक म्हणजे किरण स्तंभिका ओलांडतच नाही, ज्या बाजूने आला त्याच बाजूला खाली जातो. सरांनी वर्गात फिरताना वहीत एवढंच बघायचं: किरणाने स्तंभिका ओलांडली का? त्यासाठी 10 मिनिटं राखून ठेवा.

हेच माप हाताशी असलं की लाइट गेल्यावरही तास अडत नाही. प्रोजेक्टरवर फार भिस्त ठेवू नका.

कंधार_झेडपी:
एक गोष्ट राहिली. स्लाइड जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केल्या असतील तर दुसऱ्या संगणकावर मराठीच्या जागी नुसती चिन्हं दिसतात. कागद करताना त्यातला मजकूर कॉपी केला तरी तीच गत. ज्या संगणकावर तास होणार आहे, त्याच संगणकावर आज उघडून बघा. चिन्हं दिसली तर मॅडमच्या संगणकावरून त्या पाच-सहा स्लाइडची चित्रं करून आणा. क्लिक जातील, पण प्रश्न आणि उत्तर वेगळ्या चित्रांवर ठेवता येतात. आणि सुरुवात स्लाइडने करूच नका. स्टीलच्या वाटीत नाणं ठेवायचं, पोराला नाणं दिसेनासं होईपर्यंत मागे सरकायला लावायचं, मग वाटीत हळूच पाणी ओतायचं. नाणं परत दिसतं. पाच मिनिटांचा खेळ. तोवर प्रोजेक्टरही लागतो.

जालना_मराठी:
पाणी जोरात ओतलं तर नाणंच सरकतं आणि सगळं फसतं. नाण्याखाली थोडं ओलं पीठ किंवा मेण लावायला कागदावर सांगा. आणि पोराने डोकं हलवायचं नाही, हेही.

लातूर_दहावी:
मापं दिली तर आकृती निघेल, हे मान्य. पण हुशार पोरगं विचारणार, 'सर, 11 सेंमीच का?' तेव्हा?

अंबाजोगाई_विज्ञान:
तेव्हाचं वाक्यही लिहून द्या: 'तो नियम मॅडम शिकवणार आहेत, तुझा प्रश्न मी लिहून ठेवतो.' आणि खरंच लिहून ठेवायला कागदाच्या तळाशी चार रेघा सोडा. तिथेच सरांनी शेवटी लिहायचं की कोणत्या स्लाइडपर्यंत आलो आणि किती जणांची आकृती तपासली. मॅडम आल्या की पहिल्यांदा तेच वाचतील. स्नेलचा नियम मराठीच्या सरांकडून नको.

लातूर_दहावी:
दहावीच्या वर्गात 'मॅडम सांगतील' दोनदा म्हटलं की तिसऱ्यांदा कोणी विचारत नाही. मी अजूनही उजळणीच्याच बाजूने आहे.

गणित_परभणी:
वही मागवली. तिथे अपवर्तनाची व्याख्या आधीच लिहिलेली आहे, म्हणजे पहिल्या चार स्लाइड झाल्यात. स्लाइड 5 ते 9 घेतो. हजेरी 3 मिनिटं, नाणं 5, स्लाइड 5 ला 7, चिपेच्या स्लाइडना 8, वहीत आकृती 10, शेवटच्या नोंदीला 2. मोठ्याने वाचून बघितलं तर स्लाइड 7 वरचंच बोलणं 6 मिनिटांचं झालं, ते कापतोय. पण 'ब' तुकडीचाही तास त्याच दिवशी आहे, तिथे वह्या दोन स्लाइड मागे आहेत. त्यांना नाण्यानंतर थेट व्याख्येवर नेऊन आकृती पुढच्या तासाला ढकलू का?

कंधार_झेडपी:
पुढच्या तासाला कोण आहे ते आधी विचारा. तिसराच कुणी असेल तर 'ब' साठी वेगळं पान लागेल.