शब्दचर्चा: मावशीला लिहिलेलं पत्र तक्रारअर्जासारखं का वाटतंय?

जाईजुई: माझ्या बाळंतपणात मावशी आमच्याकडे राहून गेली. तिला पत्रं जपून ठेवायची सवय आहे, म्हणून फोनऐवजी पत्र लिहायला घेतलं. नीटनेटकं व्हावं म्हणून घासूनपुसून शेवटी हे असं झालं:

"प्रसूतीनंतरच्या काळात आपण आमच्याकडे वास्तव्य करून केलेल्या सहकार्याबद्दल आम्ही आपले अत्यंत ऋणी आहोत. तथापि, गावी परतल्यानंतर आपणाकडून संपर्क न झाल्याने चिंता वाटते. कृपया प्रकृतीबाबत त्वरित कळवावे."

नवऱ्यानं वाचलं आणि विचारलं, "मावशीवर रागावलीस का?" व्याकरणात काही चुकलेलं नाही. मग राग दिसतो कुठे?

साधंसोपं: संस्कृत शब्दांचा भरणा झालाय. ते काढा, पत्र आपोआप मऊ होईल.

बखरकार: 'वास्तव्य' आणि 'तथापि' काढाच. पण दोष सगळा संस्कृतचा नाही. 'बाबत' फारसी वळणाचा, 'सदर' मूळ अरबी. दोन्ही दफ्तरी लिखाणात मुरलेले, म्हणून कोरडे लागतात. उलट 'प्रकृती' अस्सल संस्कृत, तरी "प्रकृती कशी आहे?" हे आपण ओट्यावर बसून विचारतो.

राग दिसतो तो दुसऱ्या वाक्यात. "आपणाकडून संपर्क न झाल्याने" हा साचा "आपणाकडून रक्कम जमा न झाल्याने" याचाच. काय राहिलं आणि कोणाकडून राहिलं, एवढंच तो नोंदवतो. त्याआधी 'तथापि' आलंय, म्हणजे आभार मानून झाले, आता मुद्द्यावर येते. आणि 'सहकार्य' म्हणजे नेमकं काय? मावशीनं केलं काय, तेच पत्रात कुठे नाही. मावशीच्या जागी 'व्यवस्थापक' घालून वाचा. पत्र जसंच्या तसं उभं राहतं.

वरचामजला: माझं उलटं आहे. आमच्या छतातून पाणी गळतंय, सोसायटीला पत्र द्यायचंय. तेही असं प्रेमळ करू का? सेक्रेटरी ओळखीचे आहेत.

बखरकार: नको. तिथे कोणाकडून काय राहिलं याची नोंदच हवी, पुढे तीच उपयोगी पडते. तुमच्यासाठी 'सदर' आणि 'बाबत' योग्य आहेत.

जाईजुई: पुन्हा लिहिलं:

"मावशी, तू होतीस म्हणून ते दिवस निभावले. रात्री बाळ रडलं की माझ्याआधी तू उठायचीस. मी नको नको म्हणत असताना डिंकाचा लाडू हातावर ठेवायचीस. तू गेल्यापासून तुझा फोनच नाही. गुडघा परत दुखतोय का? लवकर कळव."

बखरकार: लाडवाच्या वाक्यानं पत्र जिवंत झालं. फक्त 'फोनच नाही' मधला 'च' काढा, सगळी कुरकुर त्या एका अक्षरात आहे. "बरेच दिवस तुझा आवाज ऐकला नाही" असं लिहा. उणीव तिच्या खात्यात न जाता तुमच्याकडे राहते.

माजघर: 'तू गेल्यापासून' हेही बदल गं. वडीलधाऱ्या माणसाबद्दल ते बरं दिसत नाही. निघतानाही आपण 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतो. 'तू घरी पोचल्यापासून' लिही. आणि वर 'ती. मावशीस साष्टांग नमस्कार' हवंच. ती औपचारिकता नव्हे, पद्धत आहे.

साधंसोपं: मग 'कळवावे'सारखी रूपंही काढायची ना?

बखरकार: सरसकट नाही. 'कृपया त्वरित कळवावे' ही नोटीस झाली, पण 'दिवाळीला यावंस गं' हे लाडिक आर्जव आहे. दोन्हीकडे विध्यर्थच. 'यावंस'मधल्या 'स'ला समोर कोणीतरी 'तू' लागते, 'कळवावे'ला कोणीच लागत नाही. मात्र प्रत्येक वाक्यात 'गं', 'हं', 'बरं का' पेरू नका. तसं पत्र ओढूनताणून गोड वाटतं. एक 'गं' पुरे, तोही शेवटच्या विनंतीत.

नागपूरकर: आमच्या घरी मावशीला 'तुम्ही' म्हणतात. 'तू' केलं तर उलट पत्र परकं वाटेल. 'आपण' मात्र आमच्याकडेही नाही चालणार.

बखरकार: बरोबर. समोर बसून जे म्हणता तेच पत्रात म्हणा. तुमच्याकडे 'उठायचीस'चं 'उठायच्या' होईल, तशीच 'तू'ची इतर रूपं बदलतील, बाकी मजकूर तोच राहील.

माजघर: पहिल्या मसुद्यातले 'ऋणी' गेले ते छान झालं. मावशीचे कसले आभार मानायचे? आपल्यात तसं कोणी म्हणत नाही.

जाईजुई: पण मला म्हणायचंय. समोर कधीच म्हटलं गेलं नाही, पत्रात तरी लिहीन. 'तुझे उपकार' लिहिलं तर?

बखरकार: 'उपकार' फार जड होईल, ती म्हणेल, फेडायला निघालीस की काय. 'निभावले' मध्ये ते आलंच आहे, माझ्या मते तेवढं बस.

नागपूरकर: मी असतो तर सरळ 'थँक्यू मावशी' लिहिलं असतं. आमच्याकडच्या मावशीला चाललं असतं.