भंडारदरा: यंदा दसऱ्याआधी

कुलकर्णी काका: मंडळी, भंडारदऱ्याच्या सहलीची तारीख ठरवूया. नेहमीप्रमाणे दसरा झाला की पहिला शनिवार-रविवार. म्हणजे २४-२५ ऑक्टोबर. कोजागरीही तिथेच होईल.

संदेश (बी विंग): काका, यंदा दसऱ्यानंतर नको. गेल्या वर्षी दसरा २ ऑक्टोबरला होता, या वर्षी अधिक ज्येष्ठ आल्यामुळे तो २० तारखेवर गेलाय. सण अठरा दिवस पुढे सरकले, पाऊस काही सरकत नाही. २४ तारखेपर्यंत कड्यांवरचं गवत पिवळं पडलेलं असेल.

नाईक काकू: बरोबर आहे त्याचं. पाऊस सूर्याच्या नक्षत्रावर चालतो. हस्त १० ऑक्टोबरच्या आसपास संपतं, मग चित्रा. आमच्याकडे भाताचा हिशेब त्यावरच असायचा.

संदेश: तेच काकू. मुंबईतून पाऊस परतायची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर. त्यानंतरचे आठ-दहा दिवस मला सगळ्यात आवडतात. जमीन अजून ओली असते म्हणून धूळ उडत नाही, हवा पावसाने धुतलेली असते आणि गवत हिरवं असतं. जुलैत रतनगडावर गेलो तर धुक्यात शेजारचा माणूस दिसत नाही. डिसेंबरात आकाश मोकळं, पण डोंगर तपकिरी आणि खाली कोकणावर धुरकट थर. या मधल्या दिवसांत रतनगडाच्या नेढ्यात, म्हणजे माथ्यावरच्या कातळातल्या आरपार भोकात, उभं राहिलं की एका बाजूला अलंग, मदन, कुलंग आणि कळसूबाई, दुसरीकडे आजोबा आणि हरिश्चंद्रगड स्वच्छ दिसतात. म्हणून १७-१८ ऑक्टोबर म्हणतोय.

मंजिरी: १०-११ का नको?

नाईक काकू: अगं, ११ ला घटस्थापना. आणि १७-१८ लाही नवरात्रच आहे, माझ्याकडे अखंड दिवा असतो. मी घरी थांबते, तुम्ही जाऊन या.

कुलकर्णी काका: नवरात्र म्हणजे गर्दी नाही का?

संदेश: कळसूबाईला असते. शिखरावर देवीचं मंदिर आहे, नवरात्रात लोक रात्रीसुद्धा चढतात आणि लोखंडी शिड्यांवर रांग लागते. म्हणून कळसूबाई या वेळी सोडायची. रतनवाडी आणि घाटघरला तशी गर्दी नसते. पावसाळी धबधब्यांवाले परत गेलेले असतात, दिवाळीच्या सुट्टीवाले अजून आलेले नसतात.

प्रथमेश: दादा, धबधबे मिळतील ना? मुलांना तेच बघायचेत.

संदेश: खरं सांगतो, कड्यावरून पडणारे बारीक धबधबे पाऊस थांबल्यावर काही दिवसांतच आटतात. वर मातीचा थर पातळ आहे, खाली काळा पाषाण, पाणी साठणार कुठे? नेकलेसची धार तेव्हा अगदी बारीक असेल. रंधा मात्र प्रवरेवर आहे, धरणातून पाणी सोडलेलं असेल तर जोरात असतो. ते आदल्या दिवशी शेंडीत फोन करून विचारायचं. मुलांना धबधब्याचं वचन देऊ नकोस, पिवळ्या सोनकीचं आणि पिकत आलेल्या भाताचं दे.

मंजिरी: पाऊस परतलाय म्हणजे छत्र्या नकोत?

संदेश: रेनकोट हवाच. परतीचा पाऊस लांबला तर तो दुपारनंतर विजा घेऊन येतो. सकाळी आकाश निळंशार असतं. अकराच्या सुमारास घाटावर पांढरे ढग फुलकोबीसारखे उभे वाढायला लागले आणि त्यांचे तळ काळवंडले, की माथ्यावर थांबायचं नाही. रतनगडाच्या शिड्या लोखंडी आहेत, वीज कडाडत असताना त्यांवर कुणी असता कामा नये.

कुलकर्णी काका: मग कार्यक्रम कसा?

संदेश: शनिवारी सकाळी निघून घोटी, बारीवरून शेंडी. जेवण करून मुरशेत, पांजरे, उडदावणे करत घाटघर. कोकणकड्यावर मावळतीच्या तासभर आधी पोचायचं. मुक्काम रतनवाडीत कुणाच्या तरी घरी. रविवारी सहाला चढाई, साधारण तीन तास लागतात, एकच्या आत खाली. ज्यांना चढायचं नाही त्यांनी अमृतेश्वराचं मंदिर निवांत बघावं, खांबांवरचं कोरीव काम तासभर पुरतं.

कुलकर्णी काका: पण कोजागरीचा चंद्र गेला.

संदेश: काका, शनिवारी सप्तमीच्या आसपासचा अर्धा चंद्र आहे. संध्याकाळी जलाशयावर चांदणं मिळेल आणि मध्यरात्रीच्या सुमारास तो मावळला की मृगनक्षत्र पूर्वेला वर आलेलं दिसेल. पौर्णिमेला तारे झाकोळतात.

मंजिरी: माझे आणि आईचे नऊ दिवसांचे उपास आहेत. तिथे काय मिळेल?

संदेश: आधी सांगितलं तर भगर आणि शेंगदाण्याची आमटी करून देतील. बाकीच्यांना भाकरी-पिठलं. म्हणूनच माणसांचा आकडा गुरुवारपर्यंत लागेल, उपासवाल्यांनी नावापुढे तसं लिहा.

नाईक काकू: मंजिरी, आईला पहाटेची शाल दे बरोबर. ऑक्टोबर हिटमध्ये तिथेही दुपारी तापतं, पण पहाटे धरणाकाठी गारठा असतो.

कुलकर्णी काका: ठरलं. १७-१८. सतरा आसनी गाडीचं मी विचारतो. नावं इथेच टाका.