कोथिंबिरीची जुडी आठवडाभर पुरवताना

> “रविवारी मंडईतून आणलेली कोथिंबीर बुधवारपर्यंत काळी पडते. काय चुकते?”

बहुधा ती धुऊन किंवा भाजीवाल्याने शिंपडलेल्या पाण्यासकट प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली जात असावी. पानांवर राहिलेल्या पाण्यानेच ती सडते. जुडी सोडून पिवळी, चिरडलेली पाने काढावीत, मुळे छाटावीत आणि पानांवरचे पाणी सुकेपर्यंत, साधारण तासभर, ती कापडावर पसरून ठेवावी. मात्र पंख्याखाली विसरल्यास ती मलूल होते (हे माझ्याकडून अनेकदा झाले आहे). मग सुती कापडात सैल गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवावी, कापड दमट लागले की बदलावे आणि धुणे वापरतानाच करावे. पिकलेल्या केळ्या-सफरचंदांशेजारी डबा ठेवू नये, कारण त्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने पाने लवकर पिवळी पडतात.

आमच्याकडे गुरुवारचा बेत उरलेल्या कोथिंबिरीवरच ठरतो. दोन वाट्या चिरलेल्या कोथिंबिरीला वाटीभर बेसन घेऊन वड्यांचे उंडे वाफवते. ते फ्रिजमध्ये दोन दिवस राहतात आणि लागतील तेवढेच कापून तळता येतात. कोवळ्या देठांचे वाटण होते. बुळबुळीत झालेली, वास येणारी पाने मात्र टाकूनच द्यावीत.