१२७ दिवसांच्या परताव्याचा वार्षिक दर काढण्याबाबत मदत हवी आहे

एका गुंतवणुकीची खरेदी १५ जानेवारी २०२४ रोजी १,००० ला आणि विक्री २१ मे २०२४ रोजी १,०४२ ला झाली. मधे कोणतेही उत्पन्न मिळाले नाही, त्यामुळे धारणकाळातील परतावा ४.२ टक्के आहे. दोन तारखांमधील अंतर १२७ दिवसांचे असून चक्रवाढीच्या सूत्राने दर असा निघतो:

```
=(1042/1000)^(365/127)-1
```

उत्तर १२.५५ टक्के येते, तर ४.२ ला नुसते ३६५/१२७ ने गुणल्यास १२.०७ टक्के. हा फरक समजण्यासारखा आहे, कारण चक्रवाढीत दर १२७ दिवसांनी रक्कम त्याच दराने पुन्हा गुंतवली जाते असे गृहीत धरलेले असते. माझी खरी शंका दिवस मोजण्याबद्दल आहे. या काळात २९ फेब्रुवारी येत असल्याने घातांकात ३६६ घेतल्यास दर १२.५९ टक्के होतो. मात्र खरेदी आणि विक्री हे दोन्ही दिवस धरून १२८ मोजले, तर ३६५ घेऊनही तो १२.४५ वर येतो. म्हणजे लीप वर्षापेक्षा त्या एका दिवसाचाच परिणाम मोठा, हे थोडे अनपेक्षित होते.

खरेदीचा दिवस वगळून विक्रीचा दिवस धरणे मला योग्य वाटते, कारण पैसा प्रत्यक्षात १२७ रात्रीच गुंतलेला होता. परंतु लीप वर्षातही ३६५ कायम ठेवावेत का, आणि वर्षाहून कमी काळाचा परतावा अहवालात वार्षिक करून दाखवावा की ४.२ टक्केच लिहून शेजारी दिवस नोंदवावेत, याबाबत जाणकारांनी कारणासह सांगावे, ही विनंती.