मदत हवी आहे: 'बिट्वीन द कमिटी अँड मी' की 'अँड आय'?

मुलुंडकर_गळती: सोसायटीच्या गच्चीतल्या गळतीबद्दल कमिटीला इंग्रजीत पत्र देतोय. मी लिहिलं होतं, 'द डिस्प्यूट इज बिट्वीन द कमिटी अँड मी.' मुलाने 'मी' खोडून 'आय' केलं. पुढे 'द कॉन्ट्रॅक्टर हू द कमिटी सेज इज लायसन्स्ड' होतं, तिथे 'हूम' केलं. तो इंग्लिश मीडियमचा, म्हणून गप्प बसलो. उद्या पत्र द्यायचंय.

पार्लेकर७: मुलगा बरोबर आहे. 'अँड'नंतर नेहमी 'आय'. आम्हाला शाळेत 'मी अँड माय फ्रेंड वेन्ट' म्हटलं की बाई छडी काढायच्या.

शुद्धलेखन_ताई: पार्लेकर, बाईंचं बरोबरच होतं. पण तिथे 'वेन्ट' करणारा तुम्ही होता, म्हणून 'आय'. पत्रात तुम्ही 'बिट्वीन'च्या मागे आहात. एरवी दुसऱ्या माणसाला वगळून बघायचं: 'सेंड इट टू द सेक्रेटरी अँड आय' मधून सेक्रेटरी काढले की 'सेंड इट टू आय' उरतं, लगेच कानाला खटकतं. 'बिट्वीन'ला मात्र ही युक्ती चालत नाही, कारण एकट्यामध्ये 'बिट्वीन' होतच नाही. तिथे दोघांच्या जागी 'वुई' आणि 'अस' घालून बघा. 'बिट्वीन वुई' कोणी म्हणेल का? 'बिट्वीन अस'च. म्हणजे 'मी'. तुमचं मूळ वाक्य बरोबर होतं.

फोर्टचा_वकील: पण शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मध्ये अँटोनिओच्या पत्रात 'बिट्वीन यू अँड आय' आहेच की.

शुद्धलेखन_ताई: आहे, आणि आजही कितीतरी इंग्रज तसं बोलतात. पण अँटोनिओचं पत्र तुमच्या कमिटीकडे जाणार नाही. औपचारिक लिहिताना 'आय' बघून जाणकार भुवई उंचावतो, 'मी' बघून कोणी नाही.

घाटकोपरची_आई: माझी मुलगी पाचवीत आहे, तिला निबंधात 'माय मदर अँड मी' लिहिल्यावर गुण कापले. तक्रार करू का?

शुद्धलेखन_ताई: वाक्य पूर्ण द्या, त्याशिवाय सांगता येणार नाही.
मुलुंडकर, 'हूम'चंही तेच. कमिटी काय म्हणते? 'ही इज लायसन्स्ड.' 'ही' आलं, म्हणून 'हू'. मधलं 'द कमिटी सेज' फसवतं, ते मनातल्या मनात झाकून वाचा. पण 'द कॉन्ट्रॅक्टर हूम द कमिटी अपॉइंटेड' हे बरोबर, कारण 'अपॉइंटेड हिम'. मुलाला दोन्ही वाक्यं शेजारी लिहून दाखवा.

पार्लेकर७: मग 'हू शुड आय कॉन्टॅक्ट' चुकीचं?

शुद्धलेखन_ताई: नियमाने 'हूम'. पण बोलताना कोणी 'हूम' म्हटलं तर मला तरी तो माणूस कोर्टात उभा असल्यासारखा वाटतो.

फोर्टचा_वकील: कोर्टात आम्हीही 'हू'च म्हणतो. लेखी अर्जात 'हूम' हवंच, यावर मी अडून राहणार.

मुलुंडकर_गळती: मुलाला 'बिट्वीन वुई' वाचायला लावलं. 'आय' खोडून 'मी' परत आलं. 'हूम'वर अजून मानत नाही, म्हणतो 'ऐकायला भारी वाटतं'.

पार्लेकर७: पण पत्र मराठीतच का नाही देत?

मुलुंडकर_गळती: चेअरमन गुजराती, सेक्रेटरी तमिळ.