फोटो एकच, एक डॉक्टर मने ७० अन् दुसरा मने ९०

काळीमाती: बाबाची अँजिओ नागपूरले झाली. रिपोर्टमधी ‘प्रॉक्सिमल एलएडी ९०%’, म्हणजे हृदयाच्या पुढच्या मोठ्या नळीत सुरुवातीलेच ९० टक्के अडथळा. कागदावर छापलेला तोच फोटो यवतमाळच्या एका डॉक्टरले दाखवला त मने ‘मिड एलएडी, ७० असन’, म्हणजे त्याच नळीच्या मधात. फोटो खाली टाकला हाय. काय धंदा चालू हाय हा?

कॅथलॅबवाला: धंदा म्हटलं म्हणून लिहाले बसलो, नाईतर झोपत होतो. १४ वर्षं झाली, टेक्निशियन हाओ. फोटोत मणका डाव्या हाताले अन् खाली डायफ्रामची सावली, म्हणजे उजव्या बाजूनं अन् डोक्याकडून घेतलेला आरएओ क्रॅनियल व्ह्यू. एलएडी कोणती ते सेप्टलवरून समजते, कंगव्याच्या दातावानी सरळ बारीक फांद्या निघतात त्या. तुमचा चिमटा, म्हणजे नळी आवळली ती जागा, पहिल्या मोठ्या सेप्टलच्या जरासा पुढं हाय पण पहिला डायगोनल, म्हणजे बाजूले जाणारी फांदी, त्याच्याही पुढं निघते. काही जण सेप्टलपाशी प्रॉक्सिमल संपवतात, काही डायगोनलपाशी. म्हणून एकाच जागेचे दोन नावं झाले. ह्याच्यात चोरी कोणाचीच नाई.

पऱ्हाटी: जागेचं सोडा हो. ७० काय अन् ९० काय, ७०च्या वर गेलं की स्टेंट टाकाच लागते. उगाच कीस पाडून राह्यले.

कॅथलॅबवाला: ‘टाकाच लागते’ असं नसते भाऊ. ७०च्या वर अडथळा मोठा मानतात हे बरोबर, पण छातीत दुखते का, गोळ्यांनी थांबते का, हे पाहूनच ठरते. डाव्या मेन नळीत त ५० ले पण दचकतात. हां, आकड्याचं सांगतो. फोटोवर पट्टी लावली. कॅथेटर म्हणजे रंग सोडाची नळी, ते ६ फ्रेंच मापाचा असन त २ मिलिमीटर जाड, कागदावर तो ४ भरला. चिमट्याच्या जवळची चांगली नळी ६ भरली म्हणजे खरी ३ मिलिमीटर. चिमट्यात १.८, म्हणजे खरी ०.९. तिसापैकी नऊ उरले, ७० टक्के गेलं. यवतमाळवाल्यानं डोळ्यानं हेच पाह्यलं.

मास्तर_वाशिम: आता मी बोलू का? व्यास ७० टक्के गेला की क्षेत्रफळ ९१ टक्के जाते. ०.३ गुणिले ०.३ म्हणजे ०.०९ उरले. आठवीचं गणित हाय. नागपूरवाल्यानं क्षेत्रफळ लिहिलं असन, झालं भांडण खतम!

कॅथलॅबवाला: मास्तर, गणित बरोबर, पण अँजिओच्या रिपोर्टमधी आकडा व्यासाचाच असते, क्षेत्रफळ सहसा कोणी लिहीत नाई. मले वाटते त्यायनं दुसरा व्ह्यू पाह्यला. साठा एका बाजूनं जमला की नळी चपटी होते. ठिबकची नळी ट्रॅक्टरच्या चाकाखाली आली की कशी होते, वरून पाह्यली त रुंद, आडवी पाह्यली त धागा. म्हणून कमीत कमी दोन आडवेतिडवे व्ह्यू लागतात. एका फोटोवर जागा सांगता येते, टक्का सांगाचा म्हणजे अंदाज.

संत्रावाडी: माह्या आईचं असंच. फोटो पाहून एकानं मिड एलएडीत ८० सांगितलं, घरात रडारड, वावर विकाची भाषा. मंग पूर्ण पिक्चर चालवून पाह्यलं त ठोका पडला की नळी दबते अन् सुटली की मोकळी. नळी मांसातून जात होती, ब्रिज म्हणतात मने. फोटो दबल्या घडीचा निघाला होता. काळीमाती, सीडी मागा पहिले.

काळीमाती: सीडी दिलीच नाई ना! मने ‘सिस्टीममधी हाय’. पैसे भरले आमी अन् पिक्चर त्यायच्या सिस्टीममधी.

पऱ्हाटी: आमालेही नाई दिली. तीन चकरा मारल्या, एसटीचं भाडंच किती झालं. एक बाई मने ५०० भरा. कायचे ५००? २० रुपयाची चकती!

मास्तर_वाशिम: अन् दिली त घरी चालते का? कॉम्प्युटरमधी सीडी घालाले जागाच राह्यली नाई आता. पेनड्राइव्ह मागा.

कॅथलॅबवाला: पेनड्राइव्ह आमच्या मशीनले लावू देत नाई, व्हायरसचं भेव. मले शिव्या देऊ नका, मी बटन दाबणारा माणूस.

पऱ्हाटी: बटन दाबणारेच सगळे, देणारा कोणी नाई 😡

संत्रावाडी: विषय कुठं गेला बाप्पा. बाबाचं ठोक्यागणिक दबते का तेवढं पाहा.

कॅथलॅबवाला: ते ह्या फोटोत दिसूच नाई शकत. अजून एक, कॅथेटरच्या टोचणीनं कधी नळी आखडते, नायट्रो हे नळी सैल करणारं औषध देल्यावर मोकळी होते. फोटो नायट्रोच्या आधीचा की नंतरचा ते पण कागदावर नाई.

काळीमाती: म्हणजे दोघंही बरोबर, अन् मीच येडा. बरं. उद्या सकाळच्या गाडीनं जातो, ५०० घेऊन जातो. नायट्रोचं पण इचारतो. मास्तर, सीडी चालवाले तुमच्या शाळेतला जुना डबा चालू हाय का?

मास्तर_वाशिम: चालू हाय, लाइन राह्यली त.