मदत हवी आहे: तीन वर्षांत गाडीची रेंज २१५ वरून १८५ वर, बॅटरी खराब झाली का?

अकोलेकर
इलेक्ट्रिक कार, बॅटरी ३० युनिटची. तीन वर्षांत २६ हजार किमी. फास्ट चार्जर दोन-चारदाच वापरला. रोज रात्री घरी १०० टक्के चार्ज करतो, सकाळी ९ किमीवर ऑफिस, तिथे गाडी दिवसभर उन्हात. आता फुल चार्जला १८५ किमी दाखवते. एवढ्या कमी वापरात असं का व्हावं?

रानवारा
फास्ट चार्जिंगनेच बॅटरी मरते. ८० टक्क्यांच्या वर कधीच चार्ज करू नका.

तारतंत्री
रानवारा, ते फास्ट चार्जर वापरतच नाहीत. २६ हजार किमी म्हणजे साधारण १३० पूर्ण चार्ज. तेवढ्याने सेल झिजत नाहीत.

बॅटरी उभ्या उभ्याही म्हातारी होते. सेलच्या आत एका टोकावर पातळ थर साचत जातो आणि लिथियम त्यात अडकून पडतं. तेवढी क्षमता कायमची जाते. उष्णता आणि भरलेली बॅटरी एकत्र आली की हा थर भराभर वाढतो. तुमची गाडी अकोल्याच्या मे महिन्यात ९५ टक्क्यांवर आठ तास उन्हात असते. माझा संशय त्यावरच आहे.

पण रेंजच्या आकड्यावरून निदान करू नका, त्यात एसी आणि चालवण्याची पद्धतही येते. ९० टक्क्यांवर ट्रिप मीटर शून्य करा, २० पर्यंत चालवा, किती युनिट गेले ते सांगा.

सायली_पुणे
माझ्या स्कूटरची रेंजही कमी झाली होती. टायरमध्ये हवा भरली आणि सुधारली. आधी तेच बघा.

अकोलेकर
हवा बरोबर आहे. काल मोजलं: ७० टक्क्यांत १८.९ युनिट.

तारतंत्री
१८.९ भागिले ०.७ म्हणजे २७. तीसपैकी २७, म्हणजे क्षमता १० टक्के घटली. रेंज मात्र १४ टक्के घटली. वरचा फरक बहुधा एसीचा, हिवाळ्यात तेवढा परत येईल. पहिल्या एक-दोन वर्षांत घट जास्त दिसते, नंतर वेग मंदावतो, त्यामुळे दर तीन वर्षांना १० असा हिशोब धरू नका.

रोज १८ किमीच जायचंय ना? मग ७० पर्यंतच भरा आणि सावली शोधा.

रानवारा
म्हणजे मी म्हटलं तेच, ८० च्या वर नको.

तारतंत्री
रोजच्यासाठी हो, "कधीच" मात्र नको. लांबच्या प्रवासाआधी १०० करा आणि लगेच निघा. शिवाय बॅटरी एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची असेल तर ठरावीक दिवसांनी फुल करावीच लागते. तिचा व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळपास सपाट असतो, म्हणून गाडीचा टक्क्यांचा अंदाज चुकत जातो.

अकोलेकर
मॅन्युअलमध्ये एलएफपीच आहे, आणि महिन्यातून एकदा फुल करा असं लिहिलंय. मी रोजच फुल करत होतो, म्हणजे टक्के तरी बरोबर असणार ना? ऑफिसात शेडखाली जागा मागितली आहे.

तारतंत्री
बहुधा. तरी एका मोजमापावर विसंबू नका. डिसेंबरात एसी बंद ठेवून पुन्हा मोजा आणि आकडा इथेच टाका.